सूर्यघड्याळ दर महिन्याला का चुकतं? तबकडी फिरवण्याआधी हे तपासा

तक्रार जवळजवळ नेहमी सारखीच असते. सूर्यघड्याळ बसवलं, त्या दिवशी हातातल्या घड्याळाशी जुळवलं, बोल्ट आवळले. एक-दोन आठवडे सगळं छान चाललं. मग पाच मिनिटांचा फरक दिसायला लागला, पुढे दहाचा. तबकडी पुन्हा जराशी फिरवून वेळ जुळवली, आणि महिन्याभरात फरक पुन्हा हजर. मग संशय घेतला जातो तो शंकूवर, चौथऱ्यावर, तबकडी कोरणाऱ्यावर, कधी कधी थेट पृथ्वीच्या फिरण्यावर.

यातला बराचसा फरक हा दोष नाहीच. सूर्यघड्याळ आणि हातातलं घड्याळ दोन वेगळ्या गोष्टी मोजतात, त्यामुळे वर्षभर त्यांचं जमणं शक्यच नाही. पण त्या निर्दोष फरकाच्या आड बसवण्याच्या खऱ्या चुका लपून राहतात. दोन्ही एकमेकांपासून वेगळ्या काढल्याशिवाय तबकडीला हात लावू नका, कारण तबकडी फिरवल्याने नवीन चूक तयार होते, आणि तीही ऋतूप्रमाणे बदलते. त्याचा हिशोब पुढे करून दाखवतो.

पुढचं सगळं नेहमीच्या आडव्या सूर्यघड्याळाबद्दल आहे: सपाट तबकडी आणि तिच्यावर ध्रुवाच्या दिशेने तिरका उभा केलेला शंकू. दिशा आणि महिने उत्तर गोलार्धातले धरले आहेत.

आधी एकाच दिवसात तीन वेळा वाचा

वेगवेगळ्या महिन्यांतली निरीक्षणं एकमेकांशी ताडून काही कळत नाही. आधी एकाच दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि दुपारी तीनच्या सुमाराला सावली वाचा आणि प्रत्येक वेळी हातातल्या घड्याळाशी किती फरक आहे तो लिहून ठेवा.

फरक तिन्ही वेळा सारखाच आला, म्हणजे दर वेळी सावली ३५ मिनिटं मागे, तर सूर्यघड्याळ बहुतेक ठीक बसलेलं आहे. तो फरक कुठून येतो हे फक्त समजून घ्यायचं आहे. दुपारी जेवढा फरक आहे त्यापेक्षा सकाळी जास्त आणि तीन वाजता तेवढाच कमी, किंवा याच्या उलट, असं असेल तर शंकूचा कोन तुमच्या अक्षांशाशी जुळत नाही. दुसऱ्या अक्षांशासाठी बनवलेली तयार तबकडी आणली की हे हमखास होतं. हा दोष मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान असण्याच्या सुमाराला, जवळजवळ नाहीसा होतो आणि जून-डिसेंबरमध्ये ठळक दिसतो. त्यामुळे मार्चमध्ये तपासून "कोन बरोबर आहे" असा निर्वाळा देऊ नका.

तिसरी गोष्ट म्हणजे पातळी. तबकडी पूर्व-पश्चिम दिशेने कललेली असेल तर दिवसभर साधारण सारखाच फरक पडतो आणि तो निर्दोष फरकासारखाच दिसतो. २० अंश अक्षांशावर एका अंशाचा कल म्हणजे सुमारे पावणेचार मिनिटं. २० सेंटिमीटर रुंदीच्या तबकडीची एक बाजू साडेतीन मिलिमीटर खाली बसली की एक अंश झाला. सिमेंट वाळताना एवढं सहज खचतं. डोळ्यांना ते दिसत नाही, स्पिरिट लेव्हलला लगेच दिसतं. म्हणून बाकी काहीही करण्याआधी लेव्हल लावा, दोन्ही दिशांनी.

"पृथ्वी चार मिनिटं लवकर फिरते, म्हणून"

या प्रश्नावर हे उत्तर कोणीतरी देतंच. त्यात अर्धं सत्य आहे आणि तेवढ्याचाच इथे उपयोग आहे, म्हणून ते नीट बघू.

ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पूर्ण होते. हा नाक्षत्र दिवस. पण तेवढ्या वेळात पृथ्वी सूर्याभोवती सुमारे एक अंश पुढे सरकलेली असते, त्यामुळे सूर्य पुन्हा डोक्यावरच्या रेषेत यायला तिला आणखी तेवढंच वळावं लागतं. या जादा वळणाला सरासरी ३ मिनिटं ५६ सेकंद लागतात. ते धरून २४ तास होतात. हा सौर दिवस. वर्षात सौर दिवस ३६५.२४२२ आणि नाक्षत्र दिवस ३६६.२४२२, बरोबर एक जास्त. सूर्याभोवतीच्या प्रदक्षिणेत एक फेरी सौर दिवसांच्या मोजणीतून गळते.

आता, हातातलं घड्याळ सौर दिवसावरच चालतं. २४ तासांत ते जादा वळण आधीच धरलेलं आहे. घड्याळ नाक्षत्र दिवसावर चालत असतं तर सूर्यघड्याळाशी त्याचा फरक रोज चार मिनिटांनी वाढला असता आणि सहा महिन्यांत भर दुपारी त्याने मध्यरात्र दाखवली असती. तुमच्या अंगणात तसं होत नाही. फरक पंधरा-वीस मिनिटांपर्यंत जातो आणि परत फिरतो. तेव्हा नाक्षत्र दिवस चार मिनिटांनी छोटा आहे, हे या दुखण्याचं कारण नव्हे.

कारण "सरासरी" या शब्दात आहे. ते जादा वळण रोज ३ मिनिटं ५६ सेकंदांचं नसतं. सप्टेंबरच्या मध्याला ते सुमारे ३ मिनिटं ३५ सेकंदांवर येतं आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास ४ मिनिटं २६ सेकंदांपर्यंत जातं. घड्याळ मात्र रोज सरासरीच धरून चालतं. डिसेंबरमध्ये एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंत २४ तास आणि वर जवळपास ३० सेकंद जातात. दिवसाला अर्धं मिनिट काहीच वाटत नाही, पण असे वीस-पंचवीस दिवस लागोपाठ आले की दहा मिनिटांच्या पुढे जातं. तुमची तबकडी "महिन्याभरात बिघडली" ती अशी.

जादा वळण रोज वेगळं का

दोन कारणं आहेत आणि दोन्ही सेकंदांत मांडली की सगळा हिशोब डोळ्यांसमोर येतो.

पहिलं, पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि कक्षेत सर्वांत वेगाने जाते. दिवसाला १.०२ अंश. जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर आणि सर्वांत हळू, दिवसाला ०.९५ अंश. जास्त सरकली तर जादा वळणही जास्त. याचा परिणाम जानेवारीत रोज सुमारे ८ सेकंद वाढ आणि जुलैत तेवढीच घट.

दुसरं कारण जास्त वजनदार आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते एका ओळीत उरकलं जातं. कक्षा अगदी वर्तुळाकार असती तरी सूर्यघड्याळ घड्याळाशी जुळलं नसतं, कारण पृथ्वीचा अक्ष २३.४ अंशांनी कललेला आहे. सूर्य आकाशात क्रांतिवृत्तावरून, म्हणजे ताऱ्यांमधल्या त्याच्या वर्षभराच्या वाटेवरून, सरकतो. वेळ मात्र मोजली जाते वैषुविकवृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात धरलेल्या वर्तुळाच्या कडेने, कारण पृथ्वीचं फिरणं त्याला समांतर आहे. मार्च आणि सप्टेंबरमध्ये सूर्य वैषुविकवृत्त तिरका ओलांडत असतो. त्याच्या रोजच्या एका अंशातला काही भाग उत्तर-दक्षिण जाण्यात खर्च होतो आणि पूर्वेकडे सरकणं कमी पडतं. म्हणून तेव्हा जादा वळण रोज सुमारे २० सेकंदांनी कमी भरतं. जून आणि डिसेंबरच्या अयनांच्या वेळी सूर्य वैषुविकवृत्ताला समांतर सरकतो, पण त्याच्यापासून २३.४ अंश दूर असताना. तिथे ध्रुवाकडे जाणाऱ्या तासांच्या रेषा एकमेकींच्या जवळ आलेल्या असतात, त्यामुळे तेवढ्याच सरकण्यात जास्त रेषा ओलांडल्या जातात. तेव्हा जादा वळण रोज सुमारे २१ सेकंदांनी वाढतं.

आता बेरीज करा. डिसेंबरच्या शेवटी कलाचे अधिक २१ आणि कक्षेचे अधिक ८, म्हणजे जवळपास ३०. जूनच्या शेवटी कलाचे अधिक २१ आणि कक्षेचे उणे ८, म्हणजे १३. डिसेंबरमध्ये सूर्यघड्याळ इतक्या घाईने मागे पडतं आणि जूनमध्ये सावकाश, त्याचं कारण एवढंच. सप्टेंबरच्या मध्याला कलाचे उणे २० आणि कक्षेचं थोडं उणे मिळून रोज सुमारे २१ सेकंद सावली पुढे जात राहते.

रोजचे हे सेकंद वर्षभर साचवत गेलं की त्या त्या दिवशीचा एकूण फरक मिळतो. त्याला कालसमीकरण म्हणतात. वर्षातून चार वेळा तो शून्य होतो: १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरच्या आसपास. ११ फेब्रुवारीच्या सुमाराला सूर्य घड्याळापेक्षा १४ मिनिटं मागे असतो. मेच्या मध्याला पावणेचार मिनिटं पुढे, २६ जुलैच्या सुमाराला साडेसहा मिनिटं मागे, आणि ३ नोव्हेंबरच्या सुमाराला तब्बल १६ मिनिटं पुढे. जुन्या लंबकाच्या घड्याळांच्या पेटीत आतल्या बाजूला याच फरकाचा तक्ता चिकटवलेला असायचा, कारण घड्याळ लावायला सूर्यघड्याळच वापरत आणि वाचलेल्या वेळेत तेवढा फेरफार करावा लागे.

याशिवाय एक कायमचा फरक असतो तो रेखांशाचा. प्रमाणवेळ एका ठरलेल्या रेखावृत्ताची असते. त्याच्या पश्चिमेला दर अंशामागे सूर्य ४ मिनिटं उशिरा येतो, पूर्वेला ४ मिनिटं लवकर. हा फरक वर्षभर तोच राहतो. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करणाऱ्या प्रदेशात असाल तर तो तासही लक्षात ठेवा.

तबकडी फिरवली की नेमकं काय होतं

एक उदाहरण धरू. ठिकाण २० अंश उत्तर अक्षांशावर, प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून ६ अंश पश्चिमेला. म्हणजे सूर्य कायम २४ मिनिटं उशिरा. सूर्यघड्याळ अगदी बिनचूक बसवलेलं आहे.

३ नोव्हेंबरला सावली बाराच्या रेषेवर येते तेव्हा घड्याळात किती वाजलेत? २४ मिनिटं उशीर, वजा कालसमीकरणाची १६ मिनिटं. म्हणजे १२ वाजून ८ मिनिटं. मालकाला वाटतं आठच मिनिटांचा फरक आहे, जुळवून टाकू. तो तबकडी शंकूसकट जागच्या जागी वळवतो, दुपारची वेळ जुळेपर्यंत. यासाठी ती साधारण ३.४ अंश फिरते. आता शंकू खऱ्या उत्तरेकडे नाही.

११ फेब्रुवारीला मूळ जागी असतं तर सूर्यघड्याळाच्या माध्यान्हाला घड्याळात १२ वाजून ३८ मिनिटं झाली असती. फिरवल्यामुळे त्यातली आठेक मिनिटं भरून निघतात आणि ३० मिनिटांचा फरक उरतो. मालक हवालदिल होतो. खरं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी कालसमीकरण १६ मिनिटं पुढून १४ मिनिटं मागे गेलं, हीच ती ३० मिनिटं. यात तबकडीचा काही दोष नाही.

खरी गंमत जूनमध्ये आहे. अयनाच्या दिवशी मूळ जागेवरच्या सूर्यघड्याळाने माध्यान्ह १२ वाजून २६ मिनिटांनी दाखवला असता. ३.४ अंश फिरवल्यानंतर तो १२ वाजून २७ मिनिटांनी दिसतो. नोव्हेंबरमध्ये आठ मिनिटं पुढे नेणाऱ्या त्याच "दुरुस्ती"ने जूनमध्ये सूर्यघड्याळ मिनिटभर मागे नेलं. कारण २० अंश अक्षांशावर जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्याच्या जरासा उत्तरेला असतो आणि शंकूचा ढळ उलट बाजूने लागू होतो. तबकडी फिरवण्याचा परिणाम सूर्य किती उंचावर आहे यावर अवलंबून असतो. याच अक्षांशावर एक अंश फिरवलं तर दुपारच्या वाचनात डिसेंबरमध्ये तीन मिनिटांचा फरक पडतो, मार्चमध्ये दीडेक मिनिटाचा, आणि जूनमध्ये पाव मिनिटाचा, तोही उलट दिशेला.

म्हणजे फिरवून ना रेखांशाचा फरक भरून निघतो, ना कालसमीकरणाचा. उलट तिसरा, ऋतूबरोबर बदलणारा फरक त्यात मिसळतो, आणि मग कुठलाही तक्ता लावला तरी हिशोब जुळत नाही. कोणी मला "तक्ता वापरला तरी चुकतंय" असं सांगितलं की मी पहिल्यांदा हेच विचारतो: बसवल्यानंतर कधी फिरवलं होतं का?

दोष घड्याळाचा की सूर्यघड्याळाचा, हे ताऱ्याला विचारा

आज मोबाइलची वेळ बरोबरच असते, त्यामुळे ही पायरी वगळली तरी चालेल. पण भिंतीवरचं जुनं घड्याळ प्रमाण मानत असाल तर आधी ते तपासून घ्या. आणि नाक्षत्र दिवस स्वतः मोजून पाहायचा असेल तर याहून सोपा मार्ग नाही.

दूरच्या इमारतीची उभी, सरळ कड निवडा, शक्यतो दक्षिण दिशेची. स्वतःची जागा पक्की करा. खिडकीच्या गजाला किंवा खांबाला डोकं टेकवून एकाच डोळ्याने पाहिलं तर पुरेसं आहे. एखादा ठळक तारा त्या कडेआड अदृश्य होतो ती वेळ सेकंदासकट लिहा. ग्रह चालणार नाही, तो ताऱ्यांमधून स्वतः सरकत असतो. दहा रात्रींनंतर तोच तारा त्याच कडेआड ३९ मिनिटं १९ सेकंद आधी जायला हवा. त्यापेक्षा आधी गेलेला दिसला तर तुमचं घड्याळ मागे पडतंय, उशिरा गेलेला दिसला तर पुढे धावतंय. कालसमीकरणाचा इथे संबंधच नाही, कारण तारा जागचा हलत नाही आणि पृथ्वीच्या कक्षेतल्या वेगाने त्याच्या वेळेत फरक पडत नाही. १६७० च्या दशकात ग्रिनिचच्या वेधशाळेत जॉन फ्लॅमस्टीड यांनी थॉमस टॉम्पियन यांची लांब लंबकाची घड्याळं व्याधाच्या ताऱ्याच्या वेधांशी अशीच ताडून पाहिली होती. पृथ्वी स्वतःभोवती एकसारखी फिरते का, हे त्यांना पाहायचं होतं. सूर्यावरून ते कळलं नसतं.

दुरुस्ती

आधी तबकडी पातळीत आणा. शंकूचा कोन अक्षांशाएवढा आहे ना ते कोनमापकाने पाहा. तासांच्या रेषाही त्याच अक्षांशासाठी आखलेल्या हव्यात. नुसता शंकू वाकवून काम भागत नाही. तबकडीच दुसऱ्या अक्षांशाची असेल तर तिच्याखाली पाचर घालून ती सगळीच उत्तर-दक्षिण दिशेने तिरकी करा, म्हणजे शंकू पुन्हा ध्रुवाकडे रोखला जाईल आणि रेषाही बरोबर ठरतील.

मग उत्तर दिशा. होकायंत्र वापरू नका. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर वेगळी असते, शिवाय चौथऱ्यातल्या लोखंडी सळ्या सुईला ओढतात. सूर्याकडूनच उत्तर घ्या. त्यासाठी त्या दिवशी खरा माध्यान्ह घड्याळात किती वाजता होईल ते काढावं लागतं. कालसमीकरणाचं हे सूत्र अर्ध्या मिनिटाच्या आसपास बरोबर येतं:

```
B = 360*(N - 81)/365
E = 9.87*sin(2*B) - 7.53*cos(B) - 1.5*sin(B)
```

`N` म्हणजे १ जानेवारीपासून मोजलेला दिवस, `B` अंशांत, `E` मिनिटांत. कॅल्क्युलेटर अंशांवर लावलेला आहे ना ते पाहा. स्प्रेडशीटमध्ये `sin` रेडियन मागतं आणि तिथे हमखास गोंधळ होतो. `E` उणे आलं तर सूर्य मागे.

२० जानेवारी घेऊ, `N` २०. `B` येतो उणे ६०.२ अंश. पहिलं पद उणे ८.५, दुसरं उणे ३.७५, तिसरं अधिक १.३. एकूण उणे ११ मिनिटं, म्हणजे सूर्य ११ मिनिटं उशिरा. आपल्या ठिकाणी रेखांशाची २४ मिनिटं त्या उशिरात मिळवली की खरा माध्यान्ह १२ वाजून ३५ मिनिटांनी. त्या क्षणी शंकूची सावली बाराच्या रेषेवर पडेल अशी तबकडी फिरवा आणि बोल्ट आवळा. फिरवायची ती ही एकच वेळ, आणि तीही घड्याळाचे बारा वाजता नव्हे, सूर्याचे बारा वाजता.

हे काम हिवाळ्यात करा. डिसेंबर-जानेवारीत दुपारचा सूर्य खाली असतो आणि सावलीची दिशा सावकाश बदलते. घड्याळ बघण्यात मिनिटभर चूक झाली तरी तबकडी एक तृतीयांश अंशानेच चुकते. २० अंश अक्षांशावर जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा तेवढ्याच चुकीत तबकडी पावणेचार अंशांनी वाकडी बसते. जूनमध्ये बसवलेली सूर्यघड्याळं डिसेंबरमध्ये दहा-बारा मिनिटं चुकतात त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं.

रेखांशाचा फरक कायमचा असल्यामुळे तो तबकडी बनवतानाच रेषांमध्ये धरता येतो. मात्र मग तासांच्या रेषा बाराच्या दोन्ही बाजूंना सारख्या दिसत नाहीत, आणि अशी तबकडी दुसऱ्या गावी नेता येत नाही. कालसमीकरण रोज बदलतं, ते सरळ रेषांमध्ये बसत नाही. त्यासाठी शेजारी महिन्यांचा आलेख किंवा तक्ता लावा. बाराच्या रेषेभोवती इंग्रजी आठच्या आकाराचा वक्र आखला आणि शंकूवर सावलीचा एक बिंदू पाडणारा मणी बसवला तर माध्यान्हाची प्रमाणवेळ थेट वाचता येते. एकाच वक्राने भागवायचं असेल तर माझी पसंती याला आहे, कारण वर्षभराचा सगळा फरक तिथे उघड्यावर दिसतो.

फिरवून वेळ जुळवायची हौस असेलच तर आडवं सूर्यघड्याळ घेऊ नका, विषुववृत्तीय घ्या. त्यात आकड्यांची कडी शंकूच्या अक्षाभोवतीच फिरते, तास १५-१५ अंशांवर सारखे असतात, आणि कडी एक अंश सरकवली की दिवसभर, कुठल्याही ऋतूत, बरोबर चार मिनिटंच सरकतात. शंकू मात्र जागचा हलता कामा नये.

दुसऱ्या कुठून तक्ता घेतलात तर चिन्हं तपासून घ्या. काही तक्त्यांत सूर्य पुढे असला की अधिक लिहितात, काहींत सूर्यघड्याळाच्या वाचनात मिळवायची मिनिटं अधिक लिहितात, आणि दोन्ही बरोब्बर उलट असतात. चिन्ह उलटं लागलं तर फेब्रुवारीत २८ मिनिटांची चूक दिसेल आणि एप्रिलच्या मध्याला काहीच दिसणार नाही. खूण सोपी आहे: फेब्रुवारीत सूर्य मागे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुढे.

सगळं केल्यावर एक-दोन मिनिटांचा फरक उरेल तो सोडून द्या. सूर्य हा बिंदू नाही, त्याची चकती अर्ध्या अंशाची आहे. त्यामुळे सावलीच्या कडेला दोन मिनिटांएवढा धूसर पट्टा असतो आणि प्रत्येक जण तो जरा वेगळा वाचतो. त्या पट्ट्याचा मध्य धरायची सवय लावा. नोव्हेंबरच्या पहिल्या आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, तीन-तीन वाचनं घेऊन, तक्त्याशी पुन्हा ताडून पाहा. दोन्ही वेळा एकाच बाजूला तीन-चार मिनिटं जास्त आली तर शंकूला हात लावण्याआधी पुन्हा लेव्हल लावा. पहिल्या पावसाळ्यानंतर चौथरा बसतो, आणि तो नेहमी सरळच बसेल असं नाही.